‘रेशनकार्डाचा फॉर्म भरतोयस का?’

मी सॉफ्टवेअरवाला. माझे प्रश्न बग शोधल्यासारखे असतात: कधी, कुठे, किती वेळा.

नेरूळला आमच्या बिल्डिंगमधले एक चाचा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये होते. मी विचारलं, “किती वर्षं काम केलंत?” “तीस.” “गाव कुठलं?” “जुन्नर.” “मुलं किती?” चाचा म्हणाले, “रेशनकार्डाचा फॉर्म भरतोयस का?”

बरोबरच होतं. माझा प्रत्येक प्रश्न एका शब्दात संपत होता, आणि त्यांच्या उत्तराशी माझ्या पुढच्या प्रश्नाचा संबंधच नव्हता.

नंतर एकदा ते सहज बोलले, “तेव्हा वाशीला लोकल कुठे होती!” म्हणजे १९९२ च्या आधी. मी तोच धागा धरला: “मग मार्केट सुटल्यावर घरी कसे पोचायचात?” बस, ट्रकवाल्यांची ओळख, पावसातला खाडीपूल... अर्धा तास गेला. मध्येच मी हार्बर बंद पडल्यावर झालेली माझी फजिती सांगितली आणि गप्प बसलो. त्यावर त्यांनीच मला विचारलं, “मग तू काय केलंस?” तिथे मुलाखत संपून गप्पा सुरू झाल्या.

‘का’ मात्र जपून वापरतो. “गाव का सोडलंत?” म्हटलं की माणूस खुलासा देऊ लागतो, “तेव्हा घरी कसं चाललं होतं?” म्हटलं की आठवण सांगतो. आणि “तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना” हा इतका मोकळा प्रश्न, की बिचाऱ्याने सुरुवात कुठून करायची?

उत्तरं आखडली, नजर दाराकडे गेली, की मी मुद्दाम हो-नाहीचा प्रश्न विचारतो: “चाचा, चहा घेणार?”