गूगल वनचा प्लॅन बंद करण्याआधी: टेकआउट, तपासणी आणि मगच डिलीट

आज एकाच कामाबद्दल बोलायचंय. गूगल वनचा पैसे देऊन घेतलेला प्लॅन बंद करायचाय, पण फोटो गमवायचे नाहीत. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून नीट क्रमाने सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. प्लॅन कॅन्सल केला की त्याच क्षणी फोटो उडत नाहीत. भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत जागा तुमचीच असते. त्यानंतर तुमच्याकडे फुकटातले 15 जीबी उरतात, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटोज असे तिघं भागीदार. वापर 15 च्या वर असेल तर नवीन फोटोंचा बॅकअप थांबतो, ड्राइव्हमध्ये काही चढत नाही, आणि मेल ना जातो ना येतो. म्हणजे फोटोंच्या ओझ्याने तुमचं ऑफर लेटर परत जाऊ शकतं. असं 2 वर्षं मर्यादेबाहेर राहिलात, तर गूगल तुमचा साठा काढून टाकू शकतं. आणि प्लॅन कुटुंबात वाटलेला असेल तर घरातल्या बाकीच्यांचीही जागा जाते, त्यांना आधी कळवा.

आता खरं उदाहरण घेऊ. माझ्या आतेबहिणीचा 100 जीबीचा प्लॅन होता. वापर 61 जीबी: फोटोज 52, ड्राइव्ह 6, जीमेल 3. आम्ही क्रम ठरवला: आधी सगळं खाली उतरवायचं, मग तपासायचं, मग डिलीट, आणि सगळ्यात शेवटी कॅन्सल. हा क्रम उलटा करायचा नाही, एवढं आजच्या एपिसोडमधून घेऊन गेलात तरी पुरे.

उतरवण्यासाठी takeout.google.com उघडायचं. तिथे सगळ्या सेवांवर टिक आधीच असते, म्हणून आधी Deselect all दाबा आणि फक्त Google Photos निवडा. ड्राइव्हची दुसरी फेरी नंतर वेगळी करा, गोंधळ कमी होतो. पुढे फाइलचा प्रकार .zip ठेवा. मग एका झिपचा आकार विचारतात: 1, 2, 4, 10 किंवा 50 जीबी. आम्ही 10 घेतला, म्हणजे 52 जीबीच्या 6 झिप. 50 निवडला आणि मध्येच नेट गेलं, तर तो अख्खा डोंगर पुन्हा चढायचा. जुन्या पेन ड्राइव्हवर ठेवणार असाल तर 2 निवडा, कारण FAT32 फॉरमॅटमध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही.

मागणी नोंदवली की झिप तयार व्हायला काही तास लागतात, कधी एक-दोन दिवसही. मग मेलवर लिंक येते. ही लिंक साधारण 7 दिवसच चालते. इथेच आपल्याकडे गाडी अडते. रोज दीड जीबीचा मोबाईल पॅक असेल, तर 52 जीबी उतरवायला 35 दिवस लागतील. लिंक त्याच्या कितीतरी आधी मरते. म्हणून हे काम ब्रॉडबँडवर करा, मित्राकडे जाऊन का होईना. 50 एमबीपीएसच्या लाइनवर ते हिशोबाने सव्वादोन ते अडीच तासांचं काम आहे. आणि शक्यतो लॅपटॉपवर. फोनवर झिप उघडायची तर झिप आणि आतले फोटो अशी दुप्पट जागा लागते, ती कुणाकडे असते?

सगळ्या झिप आल्या की आकड्यांचा क्रम बघा, मधली एखादी सुटलेली नाही ना. मग प्रत्येक झिप शाबूत आहे का ते तपासा. लिनक्स किंवा मॅकवर ही एक ओळ पुरते:

```
for f in takeout-*.zip; do unzip -tq "$f"; done
```

प्रत्येक फाइलसाठी No errors आलं पाहिजे. विंडोजवर 7-Zip मध्ये Test बटण आहे. डाउनलोड अर्धवट तुटलं असेल तर ते इथेच कळतं. आणि सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उघडा. एका अल्बमचे फोटो दोन झिपमध्ये वाटले जातात, एकत्र उघडले की आपोआप जुळतात.

फोल्डर उघडल्यावर प्रत्येक फोटोशेजारी .json नावाची एक छोटी फाइल दिसेल. ‘हा काय कचरा’ म्हणून ती उडवू नका. ती अशी असते:

```
"photoTakenTime": {
  "timestamp": "1565793000",
  "formatted": "Aug 14, 2019, 2:30:00 PM UTC"
}
```

कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख फोटोच्या आतच असते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतली ही माहिती वाटेत गळून गेलेली असते, आणि तुम्ही गूगल फोटोजमध्ये हाताने बदललेली तारीख किंवा लिहिलेलं वर्णनही फक्त या .json मध्ये असतं. आजोबांच्या जुन्या फोटोचा स्कॅन करून त्यावर 1978 टाकलं असेल, तर ते 1978 इथेच आहे. फोटो ठेवलात आणि .json फेकलीत, तर पुढे कुठल्याही अ‍ॅपमध्ये ते स्कॅन आजच्या तारखेला जाऊन बसतील. वेळ UTC मध्ये आहे हेही लक्षात ठेवा. साडेपाच तास मिळवले की आपली वेळ, म्हणजे वरचा फोटो रात्री 8 चा.

ड्राइव्हच्या फेरीत दोन गोष्टी. टेकआउटमध्ये गूगल डॉक आपोआप .docx होऊन येतो, ते ठीक आहे. पण लॅपटॉपवर ड्राइव्हचं फोल्डर दिसतं म्हणून तेच कॉपी करून ठेवू नका. त्यातली .gdoc फाइल म्हणजे फक्त एक लिंक, आत मजकूर नाही. आणि दुसऱ्याने शेअर केलेल्या, Shared with me मधल्या फाइल टेकआउटमध्ये येत नाहीत. कॉलेजच्या ग्रुपच्या नोट्स तिथे असतील तर त्या वेगळ्या डाउनलोड करा.

आता तपासणी. सर्वात जुन्या वर्षाचे काही फोटो उघडा, मधल्या वर्षाचे उघडा, आणि दोन-तीन मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. मग दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करा. डिलीट केल्यावर जर एकच प्रत उरणार असेल, तर तो बॅकअप नाही, ती मूळ प्रतच झाली.

यानंतरच डिलीट. बहिणीला 61 चे 15 च्या आत आणायचे होते, म्हणजे किमान 46 जीबी कमी. जुन्यापासून सुरुवात करू नका. 1 जून 2021 च्या आधी High quality मध्ये चढवलेले फोटो या मोजणीत धरलेच जात नाहीत, ते उडवून जागा सुटणार नाही. तिचं वजन 2021 नंतरच्या व्हिडिओंमध्ये होतं, लग्नाचे आणि ट्रिपचे. तिथून हात घातला. फक्त एक सांभाळा: बॅकअप चालू असताना फोटोज अ‍ॅपमधून फोटो उडवला, तर तो फोनमधूनही जातो. चुकलात तर Trash मध्ये 60 दिवस मिळतात, त्यानंतर काही नाही.

वापर 15 च्या खाली दिसला की कॅन्सल करा, आणि मुदतीचे उरलेले दिवस वापरून घ्या. तेवढ्यात काही राहिलेलं आठवलं तर पुन्हा टेकआउट करता येतं, पण फक्त जे अजून डिलीट केलेलं नाही त्याचंच.

तुमच्या प्लॅनची रिन्यूअल तारीख आजच बघून ठेवा आणि तिच्या दोन आठवडे आधी हे काम सुरू करा.