गाठ आणि तिचा शेजार



तोंडाच्या कर्करोगाविषयी चार शब्द सांगावेत अशी आपली आज्ञा झाली. विषय अफाट आहे, म्हणून त्यातला एकच प्रश्न आम्ही निवडला आहे. रुग्णांचे नातेवाईक तो नेहमी विचारतात: दोघांनाही गालाचाच कर्करोग, गाठही सारखीच, औषधही तेच; मग एकाची गाठ विरघळते आणि दुसऱ्याची जागची हलत नाही, हे कसे?

गालाच्या गाठीचा तुकडा काढून त्याचा केसाहूनही पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की गाठ म्हणजे निव्वळ कर्कपेशींचा गोळा नव्हे. कर्कपेशींची लहानमोठी बेटे दिसतात, आणि त्यांच्या भोवती शरीराच्याच साध्या पेशींची दाट वस्ती असते. रक्तवाहिन्या असतात, तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या लांबोळ्या पेशी असतात, आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या श्वेतपेशी काळसर ठिपक्यांसारख्या विखुरलेल्या असतात. औषध देतो ते कर्कपेशीला मारण्यासाठी. पण त्याला जावे लागते ते या शेजारातून.

प्रथम रक्तवाहिन्यांकडे पाहू. गाठ वाढू लागली की ती नव्या वाहिन्या ओढून घेते, परंतु त्या घाईने बांधलेल्या असतात: वाकड्यातिकड्या, गळक्या, कुठे बंद पडलेल्या. १९५५ साली इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप मोजून पाहिले. रक्ताच्या पुरवठ्यापासून मिलिमीटरच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाइतके दूर गेले की पेशी मेलेल्या आढळत. तिथवर प्राणवायू पोचतच नव्हता. खरा धोका मात्र त्या मेलेल्या पेशींच्या अलीकडच्या, अर्धवट गुदमरलेल्या पेशींचा. प्राणवायू असलेल्या पेशीला मारण्यास जेवढा किरणोपचार लागतो, त्याच्या अडीच-तीनपट अशा पेशीला लागतो. किरणोपचार चालू असता विडी-सिगारेट ओढू नका असे डॉक्टर बजावतात त्यामागे हेही एक कारण आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो आणि आधीच गुदमरलेला भाग आणखी गुदमरतो.

आता फायब्रोब्लास्ट. यांची ओळख आपल्याला परकी नाही, कारण जेवणानंतर सुपारीचे तबक फिरविणारी घरे आपल्यात थोडी नाहीत. सुपारी वर्षानुवर्षे चघळणाऱ्याचा गाल आतून पांढुरका आणि ताठ होतो, तिखट सोसवत नाही, आणि पुढे तोंडात तीन बोटे उभी घालावीत तर दोनच मावतात. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन भारतातून प्रथम प्रसिद्ध केले. सुपारीतील अर्के आणि तांबे यांच्यामुळे फायब्रोब्लास्ट कोलॅजेनचे तंतू जास्त विणतात आणि ते तंतू एकमेकांना घट्ट जखडले जातात. हा विकार म्हणजे कर्करोग नव्हे, पण अशा गालात कर्करोग होण्याचा धोका वाढतो. आणि कर्करोग झाल्यावर गाठीतले फायब्रोब्लास्टही असेच कामाला लागतात. त्यांचे जाळे वाहिन्या दाबते, औषधाची वाट अडवते, आणि श्वेतपेशींना बेटाच्या काठावरच थोपवून धरते. मग हे जाळेच का जाळून टाकू नये, असे कोणालाही वाटेल. २०१४ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांवर तसे करून पाहिले, तर गाठी अधिकच उग्र झाल्या. कुंपण गाठीला जपत होते, तसे आवरूनही धरीत होते.

राहिल्या श्वेतपेशी. त्यांतील टी-पेशी कर्कपेशीला ओळखून मारू शकते. तिच्या अंगावर पीडी-१ नावाचे एक बटण असते. ते दाबले गेले की पेशी थंडावते. एरवी शरीराच्या स्वतःच्या पेशींना इजा होऊ नये म्हणून ही सोय. कर्कपेशी आणि तिचे काही शेजारी नेमके हेच बटण दाबून ठेवतात. निव्होलुमॅब हे औषध त्या बटणावर झाकण बसवते, म्हणजे ते दाबता येत नाही. कर्कपेशीला हे औषध शिवतही नाही.

यातून एक हिशेबी प्रश्न निघतो, आणि तो मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तडीस नेला. औषध बसते टी-पेशींवर. मग मात्रा ठरावी ती झाकायच्या बटणांवरून. बटणे तर थोड्याच औषधाने भरून जातात. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, म्हणजे तीन आठवड्यांच्या मापाने ३६०. त्यांनी दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम दिले. शंभरातले सहा भागही नाहीत! आणि किंमत? पूर्ण मात्रेचा खर्च आपल्याकडील बहुतेक कुटुंबांना झेपणाराच नव्हता; ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत मात्र दोन रुग्णांची सोय होते.

रुग्ण १५१ होते. सर्वांचा रोग डोके-मानेचा आणि असा पुढे गेलेला, की आयुष्य वाढविणे व त्रास कमी करणे एवढाच उपचाराचा हेतू. सगळ्यांना तीन स्वस्त औषधे मिळाली: आठवड्यातून एकदा थोडे मेथोट्रेक्सेट, रोज दोनदा सेलेकॉक्सिब, आणि रोज एर्लोटिनिब. यांतले सेलेकॉक्सिब हे सांधेदुखीचेच औषध. गाठीतली दाहाची रसायने नव्या वाहिन्यांना बोलावतात आणि श्वेतपेशींना दबवतात, ती कमी करावीत हा त्यात हेतू. थोड्या मात्रेने पण खंड न पडता दिलेल्या औषधांचा ताण वाहिन्यांच्या अस्तरावरही येतो. म्हणजे हा उपचार मुळातच शेजारावर बेतलेला होता. निम्म्या रुग्णांना त्याखेरीज ते २० मिलिग्रॅम दिले.

२०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर हयात असलेले रुग्ण तीन औषधांच्या गटात शेकडा १६ होते. निव्होलुमॅबच्या गटात शेकडा ४३. तीव्र दुष्परिणाम वाढले नाहीत. पूर्ण मात्रेशी तुलना त्या प्रयोगात नव्हती, तेव्हा थोडे औषध पूर्ण मात्रेइतकेच चांगले, असे त्यावरून म्हणता येत नाही. पूर्ण मात्रा परवडत नाही त्याला हा मार्ग मोकळा झाला, एवढे निश्चित.

तरीही दुसऱ्या गटातले शेकडा ५७ वर्षभरात गेलेच. ज्या गाठीत टी-पेशी शिरलेल्याच नाहीत, काठावरच्या तंतूंत अडकून पडल्या आहेत, तिथे बटण झाकून काय होणार? पहारेकरी जागा आहे, पण वेशीबाहेर!

हे आधी ओळखता येईल का? थोडेफार येते. तुकड्यावर रंगक्रिया करून बटण दाबणारे पीडी-एल-१ हे प्रथिन किती पेशींवर आहे ते मोजतात. त्यात कर्कपेशींबरोबर आसपासच्या श्वेतपेशीही धरतात, आणि बेरजेला एकूण कर्कपेशींनी भागून शंभराने गुणतात. शंभर कर्कपेशी, त्यांतल्या बारा रंगलेल्या, शेजारच्या आठ श्वेतपेशी रंगलेल्या, तर अंक वीस. अंक मोठा असेल तर या औषधाने गुण येण्याचा संभव अधिक, पण मोठा अंक असून गुण न आलेले रुग्ण असतात, तसेच लहान अंकाचे सुधारलेलेही असतात. गाठीच्या एका कडेचा तुकडा दुसऱ्या कडेची साक्ष देईलच असे नाही, आणि किरणोपचारानंतर शेजारही पालटतो. म्हणून रेड हिल्सच्या मेहदी नवाज जंग रुग्णालयात किंवा अन्य कुठे डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तुकडा मागितला, तर पहिला हरवला असे समजू नये. त्यांना आजचा शेजार पाहायचा असतो.