दिवसाला दोनशे रुपयांची जाहिरात

मी बजाजनगरात डबे देते. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि तेव्हापासून आमच्या भागात खोली करून राहणाऱ्या पोरांची कधी वाण पडली नाही. पण ही गिऱ्हाइकं टिकून राहत नाहीत. कंत्राट संपलं की मुलगा गावाकडे, आणि त्याचा डबा बंद. गेल्या पावसाळ्यात एकाच महिन्यात माझे बारा डबे कमी झाले. तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "आई, फेसबुक-इन्स्टावर जाहिरात टाकू."

पहिल्या वेळी आम्ही फसलो. थाळीचा फोटो टाकला, त्याखालचं बूस्टचं बटण दाबलं, ठिकाण म्हणून छत्रपती संभाजीनगर निवडलं आणि पाच दिवसांत हजार रुपये घालवले. फोटोला शेकड्यांनी लाइक आले. "काकू, गारखेड्याला पाठवता का?" असंही लोकांनी विचारलं. डबा मात्र एकही वाढला नाही. यात यंत्राची चूक नव्हती. आम्ही नकळत लाइक मागितले होते, तर त्यानं सारखे लाइक देत बसणारी माणसं शोधून दिली. आणि आमचा डबा जातो सायकलवर, तीन किलोमीटरच्या पुढे तो गरम पोचत नाही. म्हणजे जाहिरात ज्यांना दिसली, त्यातले बहुतेक माझं गिऱ्हाईक होऊच शकत नव्हते.

दुसऱ्या वेळी बेताबेतानं घेतलं. अॅड्स मॅनेजरमध्ये जाऊन उद्देश निवडला तो व्हॉट्सअॅपवर मेसेज यावेत हा. नकाशावर बजाजनगरात टाचणी लावली आणि भोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढलं. रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, सगळं त्यात आलं. रोजचा खर्च ठरवला दोनशे रुपये.

या दोनशेचा अर्थ मला तिसऱ्या दिवशी कळला. त्या दिवशी तीनशे दहा रुपये खर्च झालेले दिसले, आणि मी मुलावर तडकले. पण हा रोजचा आकडा सरासरीचा असतो. ज्या दिवशी गिऱ्हाईक मिळायची शक्यता जास्त दिसते, त्या दिवशी फेसबुक पाऊणपट जादा, म्हणजे दोनशेचे साडेतीनशेसुद्धा खर्च करू शकते. आठवड्याची बेरीज मात्र सात गुणिले दोनशे, चौदाशेच्या वर जात नाही. त्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे माझ्या खिशातून आठवड्याला जातात सोळाशे बावन्न रुपये. हिशेब याच आकड्यावर करायचा, चौदाशेवर नाही.

मुलाचा विचार होता की प्रत्येक वस्तीसाठी पन्नास रुपयांची वेगळी जाहिरात लावावी. बरं झालं, तसं केलं नाही. कोणाला जाहिरात दाखवली तर मेसेज येतो, हे त्या यंत्रणेला अनुभवातून शिकावं लागतं. त्यासाठी एका जाहिरात-संचाला आठवड्यात साधारण पन्नास मेसेज मिळावे लागतात. दोनशे रुपयांत तेवढे कसेबसे जमतात. त्याचे चार भाग केले, तर चौघांच्या वाट्याला दहा-पंधरा येणार आणि शिकणं कुठंच पुरं होणार नाही. वाटीभर तेल चार कढयांत वाटलं तर एकाही कढईत भजी तळून निघत नाही, तसंच हे. याच कारणानं आठवडाभर जाहिरातीला हात लावायचा नाही, असंही ठरवलं. फोटो बदलला, वर्तुळ बदललं, की शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

आठवड्यात एकसष्ट मेसेज आले. स्क्रीनवर एका मेसेजचा भाव तेवीस रुपये दिसत होता, आणि मुलगा खूश. मी वही काढली. एकसष्टपैकी एकोणीस जणांनी आयता मेसेज पाठवला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. चौदा जण शहरात राहणारे निघाले. अकरा जणांना भाव परवडला नाही. उरलेल्या सतरा जणांनी पत्ता विचारला, त्यातल्या आठांनी एक दिवस डबा खाऊन पाहिला, आणि चौघांनी महिना लावला. सोळाशे बावन्न भागिले चार, म्हणजे एक गिऱ्हाईक चारशे तेरा रुपयांना पडलं. दोन वेळच्या डब्याचे महिन्याला सव्वीसशे घेतले तर माझ्या हातात पाचेकशे उरतात. म्हणजे पहिला महिना जवळजवळ जाहिरातीचा, माझी कमाई दुसऱ्या महिन्यापासून. डबा लावणारा पोरगा वीस दिवसांत गावी गेला तर तोटाच.

मग ते चौदा शहरवाले वर्तुळात आले कसे? कारण तिथं नुसते राहणारे धरत नाहीत, नुकतेच येऊन गेलेलेही धरतात. सिडकोतून रोज कंपनीत येणारा माणूस दिवसभर वाळूजमध्येच असतो. पण संध्याकाळी तो बसनं घरी जातो, त्याला माझा रात्रीचा डबा काय कामाचा? हे काही सेटिंगनं सुटलं नाही, शब्दांनी सुटलं. पुढच्या महिन्यात फोटोवरच मोठ्या अक्षरांत लिहिलं: "खोलीवर डबा. फक्त बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी. दोन वेळचे महिना २६०० रुपये."

त्या आठवड्यात मेसेज आले फक्त अडतीस. पन्नास भरले नाहीत म्हणून शिकणं अपुरं राहिल्याची सूचना आली, आणि जीएसटी धरून एका मेसेजचा भाव सत्तावीसवरून त्रेचाळीस रुपयांवर गेला. मुलगा घाबरला, म्हणाला, "बंद करू." पण वहीत पाच गिऱ्हाइकं लागली होती, प्रत्येकी तीनशे तीस रुपयांना. मेसेज महाग झाला आणि गिऱ्हाईक स्वस्त झालं, कारण भाव न परवडणारे आणि लांबचे लोक मेसेज करायच्या आधीच गळाले. यंत्र मेसेज मोजतं. डबे मलाच मोजावे लागतात.

अजून एक गळती होती, ती आमच्याच घरातली. दुसरी पाळी सुटली की पोरं खोलीवर येऊन मोबाईल उघडतात. मेसेज यायचा रात्री सव्वाबाराला, मी उत्तर द्यायची सकाळी पोळ्या झाल्यावर दहाला. तोवर तो दुसऱ्या मेसमध्ये जेवून आलेला असायचा. आता व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारं उत्तर लावलंय. भाव, आठवड्याचा मेनू आणि "सकाळी सातला फोन करते", इतकंच. आणि सातला मी खरंच करते.

जाहिरात महिनाभर चालवावी का, हेही पाहून झालं. तिसऱ्या आठवड्यात एकाच माणसाला ती सरासरी चार वेळा दिसत होती आणि मेसेज महागत चालला होता. तीन किलोमीटरच्या वर्तुळात माणसं ती किती? त्याच पोरांना तोच फोटो पुन्हा पुन्हा दिसत होता. शिवाय वीस तारखेला खिसा रिकामा असतो, तेव्हा कोणी मेस बदलत नाही. पगार होतात सात ते दहा तारखेच्या दरम्यान. म्हणून आता महिन्याला एकच आठवडा, चार तारखेपासून दहापर्यंत. नंतर बंद.

वहीत मी एक रकाना वाढवलाय: "कुठून कळलं?" गेल्या महिन्यात सात नवे डबे लागले. पाच जण म्हणाले जाहिरात, दोघे म्हणाले, रूममेट तुमच्याकडे जेवतो. ते रूममेट कोण, हे मागची पानं उलटून पाहिलं. एक जाहिरातीतूनच आला होता, आणि त्याचा हा तिसरा महिना चाललाय. त्याच्यावर घातलेल्या चारशे तेरा रुपयांत आता दोन डबे आले. हा हिशेब स्क्रीनवर कुठंच दिसत नाही.