जूनची बेरीज आणि सप्टेंबरची बेरीज

परवा जबलपूरला बडा फुहाऱ्याच्या गर्दीत एक ओळखीचे गृहस्थ भेटले. नोकरी शहरात, शेती पाटणकडे. त्यांनी रस्त्यातच फोन काढून एक स्क्रीनशॉट दाखवला. हवामानाचा तक्ता होता. महिन्यांची नावं, त्यापुढे यंदाचा पाऊस, त्यापुढे सरासरी आणि शेवटी टक्क्यांत फरक. जूनसमोर लाल अक्षरात उणे ६५. "आता सोयाबीन पेरू की थांबू?" असं त्यांनी विचारलं. मागून रिक्षावाला ओरडत होता, म्हणून तिथे उत्तर दिलं नाही. ते आज इथे देतो.

पहिला प्रश्न असा, की हा फोटो कोणत्या तारखेचा? तो निघाला २० जूनचा. यंदाचा पाऊस ६० मिलिमीटर आणि सरासरी १७०. (आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत, तक्त्यातले म्हणून कोणी लिहून घेऊ नका.) पण १७० ही सरासरी अख्ख्या जूनची, आणि ६० हा वीस दिवसांचा पाऊस. म्हणजे अर्धवट ताटाची भरल्या ताटाशी तुलना. कोणी म्हणेल, वीस दिवस म्हणजे दोन तृतीयांश महिना, तर सरासरीचेही दोन तृतीयांश धरा. तेही चालत नाही. आपल्याकडे मोसमी पाऊस जूनचा मध्य उलटल्यावर स्थिरावतो, त्याआधी वळीव. त्यामुळे जूनच्या सरासरीतला मोठा वाटा शेवटच्या दहा-बारा दिवसांचा असतो. विसाव्या तारखेला ६० म्हणजे कदाचित काहीच कमी नाही. हवामान खात्याचा जिल्हावार तक्ता १ जूनपासून त्या दिवसापर्यंतचा पाऊस त्याच दिवसापर्यंतच्या सरासरीशी ताडतो. पाहायचा तर तो रकाना. खात्याच्या भाषेत उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सामान्यच. त्यामुळे उणे १२ पाहून कोणी घाबरू नये.

दुसरी गोष्ट सरासरीचीच. पाच वर्षांचे जून घ्या: ६०, ९०, ११०, १४० आणि ४५०. बेरीज ८५०, सरासरी १७०. आता पाहा, पाचांपैकी चार वर्षं सरासरीच्या खाली आहेत! एका धो धो वर्षाने सरासरी वर ओढली. मधलं वर्ष ११०चं. जूनचा पाऊस असाच लहरी असतो. म्हणून जूनमध्ये सरासरीपेक्षा कमी पडणं हा अपवाद नव्हे, नित्याचा प्रकार आहे. तक्त्याखाली सरासरी कोणत्या वर्षांची, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. स्टेशनची सरासरी साधारणपणे तीस वर्षांची असते, १९८१ ते २०१० किंवा १९९१ ते २०२०. स्क्रीनशॉट काढताना नेमकी तीच ओळ कापली जाते. स्टेशनचं नावही जातं. मग ॲपमधला आकडा पर्जन्यमापकातला की संगणकाने आजूबाजूच्या नोंदींवरून काढलेला, हे कळायला मार्ग राहत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो मी स्वतःच्या फजितीवरून शिकलो. एका वर्षी जूनअखेर तक्त्यात १८२ दिसत होते, सरासरी १७०. अधिक ७ टक्के, म्हणजे उत्तम जून! प्रत्यक्षात ११ तारखेला एका वळवाने ५८ दिले. मृग लागलेलं, माती ओली, मी उत्साहाने पेरलं. नंतर पंधरा दिवस कडक उघडीप. बी उगवलं, दोन पानांवर आलं आणि करपलं. मग २७ ते २९ तारखेला एकदम १०९ कोसळले. उरलेले १५ इकडेतिकडे शिंतोड्यांत. मला दुबार पेरणी करावी लागली. शेजाऱ्याने वळवानंतर हात आवरला होता. जूनअखेरच्या पावसानंतर वाफसा आल्यावर जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याने पेरलं, आणि त्याचं एकदाच पेरून भागलं. तक्ता दोघांचा एकच होता.

महिन्याची बेरीज किती पडलं ते सांगते, कधी पडलं ते गिळून टाकते. पेरणीला मात्र 'कधी' हवं. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून गेल्यावर पेरावं, असं कृषी विद्यापीठं सांगतात. हा पाऊस एकाच वळवाचा नसावा, काही दिवसांत मुरत गेलेला असावा. म्हणून तक्त्यातून मी महिना नाही पाहत, रोजच्या नोंदी पाहतो. अडीच मिलिमीटरच्या खालचा दिवस खातं पावसाळी दिवसांत धरतच नाही, मीही धरत नाही. या बाबतीत आपलं जुनं पंचांग महिन्यापेक्षा बारीक आहे. मृग साधारण ८ जूनला, आर्द्रा २२ जूनच्या आसपास, पुढे पुनर्वसू. प्रत्येकाला तेरा-चौदा दिवस. रोजच्या नोंदी नक्षत्रवार मांडल्या तर तो पंधरा दिवसांचा खड्डा ताबडतोब दिसतो. नक्षत्र पाऊस पाडतं असं मी म्हणत नाही, फक्त फूटपट्टी बरी आहे.

शिवाय वळीव एका गावाला भिजवतो आणि शेजारच्या गावाला धूळ दाखवतो. जबलपूरच्या स्टेशनचा आकडा पाटणच्या शेताला लागू पडेलच असं नाही. शेतात सरळ काठाचा पत्र्याचा डबा ठेवा, उघड्यावर, झाडापासून दूर. सकाळी साडेआठला आत पट्टी धरा. जितके मिलिमीटर पाणी उभं, तितका पाऊस. साडेआठ अशासाठी, की खात्याची मोजणीही त्याच वेळेची असते. तिथे आजच्या तारखेखाली लिहिलेला पाऊस बहुधा काल दिवसा आणि रात्री पडलेला असतो. स्वतःची वही तक्त्याशी ताडताना एका दिवसाचा घोळ होतो तो इथेच.

मग महिन्याचा तक्ता टाकून द्यायचा का? अजिबात नाही. तो रब्बीत कामाला येतो, आणि जबलपूर, नरसिंहपूर, दमोहच्या काळ्या जमिनीत तर खासच. इथली हवेलीची पद्धत आपल्यातल्या जुन्या लोकांनी पाहिली असेल. शेताभोवती उंच बांध घालायचे, पावसाळाभर पाणी कोंडायचं. तण पाण्याखाली कुजतं, काळी माती पोटभर पिते. पावसाळा सरला की बांध फोडून पाणी सोडायचं आणि वाफशावर गहू-हरभरा पेरायचा. आता धान आणि सोयाबीनने ती मागे सारली आहे, तरी हिशेब तोच. मातीने साठवून ठेवलेलं पाणी म्हणजे बेरीज, तिथे तारखांना फारसं महत्त्व उरत नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरची बेरीज सरासरीच्या जवळ असेल तर खोलवर ओल आहे. सप्टेंबर एकटा उणे ४०वर गेला तर वरचा थर लवकर सुकतो. मी मग पाणी आठवडाभर आधी सोडतो आणि कोरडवाहू तुकड्यात गव्हाऐवजी हरभरा धरतो, कारण त्याला वरच्या पाण्याची गरज कमी. उलट सप्टेंबर अधिक ४०, आणि त्यातला बराच पाऊस २५ तारखेनंतरचा असेल, तर चिखलात पाभर चालत नाही. पेरणी दहा-बारा दिवस पुढे जाते. तिथे पुन्हा रोजच्या नोंदी काढाव्या लागतात.

पाटणच्या त्या गृहस्थांना मी काल फोन केला. त्यांच्या डब्यात २० जूनपर्यंत ४१ मिलिमीटर, त्यातले ३० एकाच रात्रीचे. अजून थांबा म्हटलं. बियाणं घरात आहे, उगवण तपासून घ्या तोवर. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळा आणि किती मोड येतात ते चौथ्या-पाचव्या दिवशी मोजा.