इन्सुलिनचे पेन आणि वऱ्हाडचा उन्हाळा

आमच्या वऱ्हाडात मे महिन्याचे ऊन काय असते, हे मी सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. अशा दिवसांत ज्यांच्या घरी मधुमेहाचे दुखणे आहे, त्यांनी इन्सुलिनचे पेन ठेवायचे कुठे?

न उघडलेले पेन फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावे. वापरात घेतलेले पेन बाहेर ठेवले तरी चालते. पण बाहेर म्हणजे ३० अंशांच्या आत, आणि तेही बहुधा २८ दिवसच. काही पेनांना मुदत जास्त असते, काहींना उष्णतेची मर्यादा कमी. ती डब्यातल्या चिठ्ठीवर छापलेली असते. पेन सुरू केल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवावी. आता ३० अंश आमच्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा मिळतील की नाही, याची शंकाच!

इथे आपला माठ कामाला येतो. ४४ अंशांची कोरडी हवा असेल, तर ओल्या फडक्यावरून पाणी उडून जाताना ते फडके २३-२४ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. मडके तितके उतरत नाही, पण बरेच उतरते. मोठ्या मडक्यात ओली वाळू भरावी, त्यात लहान मडके बसवावे, पेन घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आत ठेवावे आणि वर ओले फडके टाकावे. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी. मडके सावलीत, वारा खेळेल अशा ओसरीवर असावे. कूलरच्या खोलीत नको, कारण तिथली हवा आधीच ओली. पाणी उडत नाही आणि मडके थंड होत नाही. पावसाळ्यातही हीच अडचण. आत एक साधा थर्मामीटर टाकला, तर अंदाजावर राहावे लागत नाही.

हा केवळ आजीबाईचा बटवा नव्हे. केनियातल्या दगाहले निर्वासित छावणीत घरांतली उष्णता दिवसभरात २५ ते ३७ अंशांत वरखाली होते. तशाच उष्णतेत चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी परीक्षा केली. २०२१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की त्याचा गुण फ्रीजमधल्या इन्सुलिनइतकाच टिकला होता. मात्र ती हद्द ३७ ची होती. आमच्या टिनाच्या छपराखाली दुपारी त्याहून पुष्कळ जास्त होते, हे विसरून चालणार नाही.

उन्हाला सगळेच भितात. बर्फाला कोणी भीत नाही. दर्यापूरकडचे एक निवृत्त मास्तर मुलीकडे अकोल्याला निघाले. थर्मासात बर्फाचे खडे आणि त्यांतच पेन. एस.टी.तून उतरेपर्यंत पेन गारगार. रात्री टोचले, सकाळी टोचले, तरी साखर तीनशेच्या वर! डॉक्टरांनी विचारले तर म्हणाले, "बर्फात ठेवला होता ना जी, खराब कसा होईन?" फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्याही खाली असतो. त्याला चिकटलेले इन्सुलिन गोठते, आणि एकदा गोठलेले पुन्हा पातळ झाले, दिसायला स्वच्छ असले, तरी टाकूनच द्यावे लागते. म्हणून फ्रीजमध्येही पेन बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये.

अमरावती-अकोल्याच्या प्रवासाला बर्फ लागतच नाही. पेन डबीत, डबीभोवती ओले सुती फडके, आणि ती जाळीच्या किंवा कापडी पिशवीत हाताशी. बंद सुटकेसात घातले तर फडके वाळत नाही आणि थंडावाही येत नाही. फटफटीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत पेन ठेवणे म्हणजे चुलीवर ठेवणे. आणि टोचून झाल्यावर सुई काढावीच. सुई तशीच राहिली तर उन्हाने इन्सुलिन फुगून गळते आणि गार झाल्यावर आत हवा ओढली जाते. मग दाबला तितका डोस पोटात जात नाही.

पेन बिघडले हे ओळखायचे कसे? स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसले, किंवा मुळातच दुधाळ असणाऱ्यात हलवूनही गाठी राहिल्या, तर प्रश्नच नाही. पण उन्हाने मंद झालेले इन्सुलिन पुष्कळदा अगदी चांगले दिसते. तेव्हा खाणेपिणे, डोस सारे तेच, ताप नाही, तरी साखर चढतीच राहिली, तर आधी नवे पेन काढावे आणि डॉक्टरांना कळवावे. आपल्या मनाने त्याच पेनचे युनिट वाढवू नयेत. कारण चार दिवसांनी ते संपते, नवे ताजे पेन लागते, डोस मात्र वाढवलेलाच राहतो, आणि मग साखर एकदम खाली जाऊन माणूस घाम येऊन कोसळतो.