श्टुटगार्टची गुढी, कबनूरचा फोन

कबनूरहून बोलतोय. मागं यंत्रमागाचा खडखडाट येत असेल, त्याला इलाज नाही. इचलकरंजीला खेटून गाव आहे आमचं, रेकॉर्डिंगसाठी माग बंद ठेवा म्हटलं तर शेजारचे मलाच गावाबाहेर काढतील.

आजचा विषय गुढी. पण आपल्या दारातली नाही. माझी ताई, दाजी आणि त्यांची दोन पोरं जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, छोटी बाल्कनी. २०२५ च्या पाडव्याला त्यांनी तिथं गुढी उभारली. कडुलिंब नाही, आंब्याची पानं नाहीत, साखरेची माळ नाही, वेळूची काठी नाही. मी इकडून फोनवर. त्या आठवड्यात जे जे शोधलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण बाहेर आहात किंवा तुमचं कोणीतरी बाहेर आहे.

पहिला प्रश्न ताईनं विचारला तो असा: "तू इकडं येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतनं पानं पाठव की." हे जमत नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरून ताजी पानं, फळं, भाज्या नेताना वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. प्रवाशाच्या बॅगेलाही हाच नियम. सूट फक्त पाच फळांना आहे: केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. म्हणजे बघा, कलशावरचा नारळ चालतो, पण त्याच्याखालची आंब्याची पानं चालत नाहीत. कारण साधं आहे. पानांवर कीड असते, आणि ती तिकडच्या झाडांवर गेली की आवरत नाही.

मग आम्ही सामानाची यादी केली आणि तिचे तीन भाग पाडले. एक, जे नुसतं दिसायला लागतं. दोन, जे वजन पेलतं. तीन, जे खायचं असतं. दिसायच्या वस्तूला पर्याय चालतो. वजन पेलणाऱ्या वस्तूला मजबुती बघायची. आणि खायच्या वस्तूत अंदाजपंचे काही करायचं नाही. सगळं काम ह्या तीन भागांवर झालं.

आधी खायचं. आपण पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं किंवा फुलं, गूळ, चिंच, ओवा, मिरी, हिंग, मीठ असं वाटून खातो. आमच्या भागात कर्नाटक जवळ, त्यामुळं काही घरांत नुसतं बेवु-बेल्ल, म्हणजे लिंब आणि गूळ. आता जर्मनीत कडुलिंब उघड्यावर जगत नाही, त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही. दाजी म्हणाले, "अरे, पार्कात अगदी लिंबासारखं झाड आहे, एका देठाला दोन्ही बाजूंनी पानं." मी म्हटलं, दाजी, तोंडात घालू नका.

का ते सांगतो. एका देठाला दोन्ही बाजूंनी पानं असणारी झाडं जगात भरपूर आहेत. त्यातलं सगळ्यात फसवं म्हणजे बकाणा, आपण त्याला बकाण लिंब म्हणतो. कडुलिंबाचाच भाऊबंद. दक्षिण युरोपात, अमेरिकेच्या दक्षिण भागात रस्त्याकडेला लावतात. त्याची फळं विषारी असतात. ओळख अशी: कडुलिंबाच्या मुख्य देठाला थेट पानं लागतात, आणि प्रत्येक पान कोयत्यासारखं जरा वाकडं, बुडाशी एक बाजू मोठी एक लहान. बकाण्याच्या मुख्य देठाला आधी उपदेठ फुटतात आणि त्या उपदेठांना पानं. देठाला पुन्हा देठ दिसला की ते आपलं झाड नव्हे. आणि हे कळत असलं तरी परक्या मुलखात झाडाचं पान तोडून प्रसादात घालू नये.

इंडियन स्टोअरमध्ये कडुलिंबाची पावडर मिळाली. पण पाकिटावर चेहऱ्याला, केसांना लावायची म्हणून लिहिलेलं. ती खायची नाही. शेवटी ताईनं मेथीदाणे घेतले. एक चमचा दाणे रात्री भिजवले, सकाळी गूळ, चिंच, ओवा, मिरी, चिमूटभर हिंग आणि मिठाबरोबर वाटले. कडू लागलं, पोरांनी तोंडं वाकडी केली. म्हणजे काम झालं. मेथी म्हणजे कडुलिंब नव्हे, पण वर्षाच्या पहिल्या घासाला कडू-गोड एकत्र यावं, एवढं त्यातनं साधलं.

आता साखरेची माळ. ही मला सगळ्यात अवघड वाटली होती, पण घरात होते. आपल्याकडं कारागीर लाकडी साच्यात दोरा टाकतात आणि पाक ओततात. ताईकडं सिलिकॉनचा चॉकलेटचा साचा होता. प्रमाण असं: दोनशे ग्रॅम साखर, साठ मिलिलिटर पाणी. साखर विरघळेपर्यंत हलवायचं, मग हलवणं बंद आणि उकळू द्यायचं. थर्मामीटर असेल तर ११५ ते ११८ अंश. नसेल तर एक थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटात धरून मऊ गोळी झाली की गॅस बंद.

आता खरी मेख. गॅसवरनं उतरवल्यावर पाक जोरात घोटायचा. घोटला की साखरेचे बारीक कण धरतात आणि काचेसारखा पाक दुधाळ व्हायला लागतो. कडेला पांढरं दिसलं की लगेच ओतायचं, तुमच्याकडं फार तर मिनिटभर असतो. उशीर झाला तर भांड्यातच दगड होतो. तसं झालं तर घाबरू नका, दोन चमचे पाणी घालून परत उकळा. सुती दोरा आधी साच्यांवरनं आडवा टाकून ठेवायचा, प्रत्येक खणात जरा खाली दाबायचा, म्हणजे तो पाकाच्या पोटात जातो.

ताईची पहिली माळ चिकट झाली, दोन तासांनीही वाळेना. विचारलं काय घातलंस, तर म्हणाली, पाक स्वच्छ व्हावा म्हणून अर्धं लिंबू पिळलं. तिथंच घोळ. लिंबाच्या आंबटानं उकळताना साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, आणि ते साखरेचे कण धरू देत नाहीत. गुलाबजामच्या पाकाला हे हवंच असतं, माळेला नको. तिकडची साखर स्वच्छच असते, मळी काढायची गरज नाही. दुसऱ्या खेपेला लिंबू वगळलं आणि अर्ध्या तासात कडक, पांढरी माळ निघाली.

आता वजन पेलणारं सामान. बागेच्या दुकानात बांबूच्या काठ्या मिळतात, पण त्या टोमॅटोच्या रोपाला आधार द्यायच्या. बोटाएवढ्या बारीक. वर भांडं ठेवलं की डुलतात. दाजींनी झाडूचा लाकडी दांडा घेतला, साधारण एकशे चाळीस सेंटीमीटर. उभा कशात करायचा? भाड्याच्या घराच्या भिंतीला भोक पाडायचं नव्हतं. पण नाताळच्या झाडाचा लोखंडी स्टँड माळ्यावर होता. त्याला चारी बाजूंनी खोड पकडायचे चिमटे असतात. दांडा खोडापेक्षा बारीक, म्हणून बुडाला जुना टॉवेल गुंडाळून पकडला. घट्ट बसला.

वर तांब्या. ताईकडं कबनूरहून नेलेला पितळी गडू आहे, पण जड. काठीच्या टोकावर वजन ठेवलं की वाऱ्यानं जरा कलली तरी खालचा स्टँड उचलला जातो. आणि तिसऱ्या मजल्यावरनं पितळी गडू खाली कुणाच्या डोक्यात पडला तर नवीन वर्ष पोलिसांत सुरू व्हायचं. म्हणून त्यांनी तांब्याचा हलका कानाचा मग वापरला, तिकडं सरबतं-कॉकटेलसाठी मिळतो तो, कोरा. आतमध्ये कापड कोंबून दांड्यावर पालथा घातला आणि कानातनं दोरी ओवून दांड्याला बांधली. मग निसटला तरी लोंबकळेल, पडणार नाही. जड रेशमी साडीऐवजी एक मीटरचा खण लावला. साडी वाऱ्यात शिडासारखी फुगते. गुढी बाल्कनीच्या कठड्याबाहेर न काढता आतल्या बाजूला, दाराच्या चौकटीला मधोमध आणखी एक गाठ मारून उभी केली.

दिसायचं सामान सोपं होतं. आंब्याच्या पानांसारखी लांब, चकचकीत पानं तिकडं कुंपणांना सर्रास असतात, चेरी लॉरेल नावाचं झुडूप. फोटोत ओळखू येणार नाही. पण त्याची पानं पोटात गेली तर विषारी, आणि घरात चार वर्षांचं पोरगं. म्हणून ताईनं सुपरमार्केटमधनं स्वयंपाकातल्या लॉरेलची कुंडी आणली, तमालपत्रासारखी वासाची पानं असतात ती. त्याचंच तोरण, त्याचीच डहाळी गुढीला.

राहिली वेळ, आणि इथं गंमत आहे. २०२५ ला प्रतिपदा आपल्या वेळेनं २९ मार्चला दुपारी ४ वाजून २७ मिनिटांनी लागली आणि ३० मार्चला १२ वाजून ४९ मिनिटांनी संपली. नियम असा की सूर्योदयाला प्रतिपदा असेल तो दिवस पाडव्याचा. नेमकं ३० मार्चला पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढं गेली. आदल्या दिवशीपर्यंत आपल्यात नि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर, त्या सकाळी साडेतीन. म्हणजे त्यांची प्रतिपदा ९ वाजून १९ मिनिटांपर्यंत. सूर्योदय सातच्या सुमारास. ३० तारीख बरोबर. आपल्याशी जुळली.

पण न्यू यॉर्कमध्ये तीच प्रतिपदा २९ ला सकाळी सात वाजायच्या जरा आधी, सूर्योदय झाल्यावर लागली आणि ३० ला पहाटे सव्वातीनच्या पुढं संपली. तिला सूर्योदयच मिळाला नाही. अशा वेळी ज्या दिवशी लागली तो दिवस धरतात, म्हणजे तिकडं २९ तारीख. व्हॉट्सअ‍ॅपवर "आज की उद्या" अशी भांडणं होतात त्याचं कारण हे. आणि हे फक्त परदेशातलं नाही. २०२६ ला आपल्याकडंच १९ मार्चला प्रतिपदा सूर्योदयानंतर लागते आणि २० च्या पहाटे संपते, म्हणून पाडवा १९ ला. तुम्ही राहता त्या गावाचं पंचांग बघायचं, कोल्हापूरच्या कॅलेंडरचा फोटो नाही.

सकाळी आठला त्यांची गुढी उभी राहिली. इकडं साडेअकरा. आमच्या आज्जीनं फोन डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मगाला कान कशाला गं?" ताई म्हणाली, "आज्जी, दोरी बांधायला." आज्जीला पटलं. म्हणाली, मग आपल्या गडूलाही एक कान लावून घ्यायला पाहिजे, गेल्या वर्षी दोनदा पडलाय.

तर तुमच्या गुढीला काठी कशाची होती, कलश कशाचा होता, कमेंटमध्ये लिहा. विशेषतः जिथं बर्फ असतो तिथल्या लोकांनी. चला, भेटू पुढच्या भागात. राम राम.