वासुदेव बळवंतांचा उठाव का फसला? : कारणांची फेरतपासणी



आजच्या विषयाचा एक धागा आपल्या वडोदऱ्यातूनच निघतो. एप्रिल १८७५मध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर करण्यात आले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपाची चौकशी सहा जणांच्या आयोगाने केली होती. त्यातील तीन इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी धरले, पण तिघा भारतीय सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मते अशी दुभंगलेली असूनही पदच्युती झाली आणि तिचे कारण म्हणून राज्यातील गैरकारभार पुढे करण्यात आला. त्या घटनेने पुण्यात जे लोक अस्वस्थ झाले, त्यांच्यात लष्करी हिशेब खात्यातला एक तरुण कारकून होता. त्याने या अन्यायाविरुद्ध जाहीर भाषणे केली. पुढे चारच वर्षांनी त्याने शस्त्र उचलले. तो कारकून म्हणजे वासुदेव बळवंत फडके.

त्यांचा उठाव फेब्रुवारी १८७९मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्यांच्या अटकेने संपला. तो का फसला, या प्रश्नाची तीन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. काळ परिपक्व नव्हता; इंग्रजांची ताकद अफाट होती; रामोशी साथीदार लुटीपुरते आले होते. या उत्तरांची घडण नीट पाहिली तर पहिले उत्तर खरे तर नंतरच्या यशाची सावली आहे. विसाव्या शतकातल्या चळवळी यशस्वी झाल्या, म्हणून त्याआधीचा काळ अपरिपक्व ठरवायचा. अपयशाची कारणे त्या अपयशाच्याच कागदांत शोधायची, तर थोडा वेगळा रस्ता धरावा लागतो.

मी एक साधी कसोटी वापरतो. जे कारण आपण अपयशाला लावतो, ते जवळच्याच दुसऱ्या प्रसंगात हजर होते का आणि तिथे काय घडले, हे पाहायचे. तिथे तेच कारण असून निकाल वेगळा लागला असेल, तर ते कारण एकट्याने पुरत नाही.

आधी इंग्रजांच्या ताकदीचे घेऊ. पुणे आणि नगर जिल्ह्यांतच मे १८७५मध्ये शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. सुप्याच्या बाजारात १२ मे रोजी त्याची सुरुवात झाली. जमावाचा रोख माणसांवर फारसा नव्हता. त्याला कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हव्या होत्या. त्या मिळाल्या की जाळल्या जात. हा उद्रेक लवकरच दडपला गेला, पण सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि त्यातून पुढे १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. इंग्रजी सत्ता १८७५मध्ये आणि १८७९मध्ये तीच होती. उलट १८७९मध्ये तिचे सैन्य अफगाण युद्धात गुंतलेले होते. तेव्हा सत्तेचे बळ हे कारण खोटे नाही. पण एक प्रयत्न काही पदरात पाडून गेला आणि दुसरा हवेत विरला, हा फरक त्यातून उलगडत नाही. हा कायदा फडक्यांच्या उठावामुळे आला असेही कधी कधी म्हटले जाते. आयोग १८७५चा आहे हे लक्षात घेतले, तर ते श्रेय मुख्यतः सुप्याच्या शेतकऱ्यांकडे जाते.

आता रामोशांचे. फडक्यांनी स्वतःची हकीकत लिहून ठेवली होती. ती पोलिसांच्या हाती पडली आणि आज आपण ती सरकारी साधनसंग्रहातल्या इंग्रजी भाषांतरातून वाचतो. साहित्याचा अभ्यासक म्हणून मला इथे थोडे थांबावेसे वाटते. हा मजकूर श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या परिसरात, सर्व काही हातचे गेले असे वाटत असताना, देवापुढे देह ठेवण्याच्या विचारात असलेल्या माणसाने लिहिला आहे. त्यात साथीदारांविषयी कडवट तक्रार आहे : यांना लढण्यापेक्षा वाटा हवा, वाटा मिळाला की घराची ओढ लागते. ही तक्रार शिकल्यासवरल्या पुणेकर ब्राह्मणाची आहे आणि ती हरलेल्या क्षणाची आहे. त्यातली घटना स्वीकारावी. पण घटनेचे कारण म्हणून त्याने दिलेला स्वभावदोष स्वीकारायचा की नाही, हे आपण तपासले पाहिजे.

तपासणी अवघड नाही. याच रामोशी समाजाने पन्नास वर्षांपूर्वी उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली पुरंदरच्या डोंगरात इंग्रजांना अनेक वर्षे दाद दिली नव्हती. उमाजींना १८३२मध्ये फाशी झाली, पण तोवर त्यांची माणसे टिकून होती. स्वभावच लुटारू असता तर ती टिकली नसती. फरक असा की उमाजींच्या लढ्यात रामोशांच्या स्वतःच्या मागण्या होत्या. गडांची राखण, गावची रखवाली, त्यावरची वतने आणि हक्क इंग्रजी अमलात गेले होते, ते परत हवे होते. फडक्यांच्या योजनेत स्वराज्य होते, प्रजासत्ताक राज्याची कल्पनाही होती. पण रामोशाला उद्या नेमके काय मिळणार, याचे ठोस उत्तर आजच्या लुटीतला वाटा एवढेच होते. तो वाटा घेऊन माणूस घरी गेला, तर त्याने करार मोडला असे म्हणता येत नाही.

इथे आपण मूळ अडचणीपाशी येतो. मला ती योजनेच्या अर्थकारणात दिसते. फडक्यांचा बेत असा होता : पैसा उभा करायचा, त्यातून माणसे ठेवायची, वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी टोळ्या उठवायच्या, तारा आणि रेल्वे तोडायची, तुरुंग फोडून आणखी माणसे मिळवायची आणि मग सरकारी खजिन्यावर जायचे. म्हणजे पहिली पायरी पैशाची. हा पैसा त्यांनी आधी सधन लोकांकडे मागितला आणि तो मिळाला नाही, ही गोष्ट त्यांच्याच हकीकतीत आहे. मग दरोडा हा मार्ग उरला.

पहिला दरोडा फेब्रुवारी १८७९च्या अखेरीस शिरूरजवळच्या धामारी गावावर पडला. हाती सुमारे ४०० रुपये आल्याचे सांगितले जाते. आता हा हिशेब मांडून पाहा. एवढ्या रकमेतून साथीदारांचा वाटा द्यायचा, चार दिवसांचे पोट भरायचे, शस्त्रे घ्यायची. शिल्लक उरत नाही, म्हणून लगेच पुढचा दरोडा. प्रत्येक दरोड्यागणिक पोलिसांचा पाठलाग घट्ट होतो आणि गावकऱ्यांच्या मनात ‘हे सरकारविरुद्धचे लोक’ ही ओळख मागे पडून ‘दरोडेखोर’ हे नाव रुजते. माणसे वाढवण्यासाठी पैसा हवा होता, पण तो मिळवण्याच्या रीतीनेच माणसे येणे थांबत होते.

हे स्पष्टीकरण बरोबर असेल, तर एक गोष्ट दिसायला हवी : एखादी मोठी लूट मिळाली तरी उठाव वाढू नये. मे १८७९मध्ये दौलतराव नाईकांच्या तुकडीने कोकणात पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले. ही लूट आधीच्या सर्वांपेक्षा कितीतरी मोठी होती, लाखाच्या घरातली. केवळ पैशाची चणचण हेच कारण असते, तर इथून उठावाला बळ यायला हवे होते. घडले उलटे. लूट घेऊन घाट चढणाऱ्या तुकडीला मेजर डॅनियल यांनी गाठले आणि दौलतराव मारले गेले. तेव्हा अडचण फक्त पैसा कमी असण्याची नव्हती. लुटीचा पैसा ठेवायला, लपवायला, पुढे वळवायला गावागावांत घरे लागतात. ती घरे या उठावाकडे नव्हती. शेवटच्या टप्प्यात फडक्यांनी निजामाच्या मुलखात इस्माईल खान यांच्यामार्फत रोहिल्यांची भरती करण्याचा प्रयत्न केला. तीही पगारी माणसेच. म्हणजे अखेरपर्यंत आराखडा बदलला नाही, फक्त माणसे बदलली.

‘घरे नव्हती’ या विधानाची कसोटी पुन्हा आपल्या संस्थानाच्या सीमेवर घेता येते. फडके इंग्रजी हद्द ओलांडून निजामाच्या मुलखाकडे वळले, पण सीमेने त्यांना वाचवले नाही. निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक आणि मेजर डॅनियल यांनी जुलै १८७९मध्ये देवर नावदगी येथे देवळात झोपलेल्या, तापाने खंगलेल्या फडक्यांना पकडले. पुढे १९३०-३१मध्ये बारडोली भागातील शेतकरी सारा न भरता घरेदारे सोडून शेजारच्या बडोदे संस्थानातील गावांत जाऊन राहिले. ती हिजरत आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबांच्या तोंडून ऐकलेली असेल. तिथेही संस्थानी सीमाच होती, पण तिच्या पलीकडे सोयरीकधायरीक होती, धान्य ठेवायला कोठारे होती, गुरे बांधायला गोठे होते. सीमा दोन्हीकडे आहे, निकाल वेगळा आहे. फरक पलीकडच्या घरांचा आहे.

बारडोलीचे १९२८चे यश आपण सहसा अहिंसेला आणि वल्लभभाईंच्या नेतृत्वाला देतो. ते चूक नाही. पण फडक्यांच्या बाजूने पाहिले की त्या यशातली एक कमी बोलली जाणारी बाब दिसते. सारा न भरण्याच्या लढ्याला आधी खजिना जमवावा लागत नाही. लढणारा आपल्याच घरात राहतो, आपलेच अन्न खातो. खर्च अजिबात नव्हता असे नाही. छावण्या, पत्रिका, स्वयंसेवक होते. पण लढ्याचे पोट शेजारच्या गावाला लुटून भरावे लागत नव्हते.

एक मर्यादा इथे मान्य केली पाहिजे. बारडोलीने साऱ्यातील वाढ कमी करून मागितली, फडक्यांनी सत्ताच उलथायची म्हटली. छोट्या मागणीचे यश आणि मोठ्या मागणीचे अपयश एकाच तराजूत घालता येत नाही. फडक्यांना घरांचा आधार असता तर इंग्रजी राज्य गेले असते, असा दावा मी करत नाही. माझा दावा लहान आहे : तसा आधार असता, तर उठाव पाच महिन्यांत विझला नसता. उमाजींची वर्षे त्याला साक्ष आहेत.

पुण्यातील खटल्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, फडक्यांच्या बचावासाठी पुढे आले. जन्मठेपेची शिक्षा भोगत असताना १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात फडक्यांचा मृत्यू झाला. काकांची ही मदत अटकेनंतरची आहे, हे नोंदवण्याजोगे आहे. जे पुणे आरोपीच्या पाठीशी उभे राहू शकले, ते बंडखोराच्या पाठीशी उभे राहिले नव्हते. मल्हाररावांसाठी भाषणे ऐकायला जमलेला श्रोता आणि धामारीच्या रात्री दार उघडून घरात घेणारा गावकरी, या दोघांमधले अंतर १८७९मध्ये कोणी कापले नव्हते. उठावाच्या अपयशाचा पुरावा शोधायचा, तर तो या अंतरात शोधावा लागतो.